चेंबरमधील पीपीएमवरून मातीचा कार्बन फ्लक्स

प्रश्न: बंद चेंबरमध्ये कार्बन डायऑक्साइडची पीपीएम वाचने घेतली आहेत. प्रयोगाच्या अहवालासाठी त्यांवरून कार्बन फ्लक्स कसा काढू?

उत्तर: वाचने वेळेसमोर मांडून रेषेचा उतार काढा आणि तो या सूत्रात घाला:

```
F = (dC/dt) × (P / RT) × (V / A)
```

उतार dC/dt सेकंदाला 0.5 पीपीएम, चेंबरचे आकारमान V 0.006 घनमीटर, तळाचे क्षेत्रफळ A 0.03 चौरस मीटर, तापमान T 300 केल्विन, दाब P 94,500 पास्कल आणि वायुस्थिरांक R 8.314 असेल, तर P/RT सुमारे 37.9 मोल प्रति घनमीटर येते आणि फ्लक्स 3.79 मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. त्याला 12.01 ने गुणले की 45.5 मायक्रोग्रॅम कार्बन मिळतो. कार्बन डायऑक्साइडचे वस्तुमान हवे असेल तरच 44.01 वापरावे. एका मोलसाठी सरसकट 22.4 लिटर धरले, तर येथे उत्तर जवळपास 18 टक्क्यांनी फुगते, कारण तो आकडा 0 अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे. चेंबर ज्यावर बसते त्या जमिनीत रोवलेल्या कड्याच्या, म्हणजे कॉलरच्या, वर उरलेल्या भागातली हवाही V मध्ये मोजायची असते, हे बहुतेकदा राहून जाते.

उतार मात्र सुरुवातीच्या सरळ भागाचाच घ्यावा. झाकण बसवतानाच्या धक्क्याची पहिली वीस-तीस सेकंदे वगळावीत. पुढे आतील वायू साचून माती व हवा यांच्यातील फरक घटतो, आलेख वाकतो आणि फ्लक्स कमी भासतो. दुपारच्या एकाच वाचनाला 86,400 ने गुणून दिवसाचा आकडा देऊ नये, कारण श्वसन मातीच्या तापमानासोबत दिवसभर बदलत राहते.