फ्लाइट रद्द झाली? रिफंडचं बटण लगेच दाबू नका

रद्द झाल्याच्या मेसेजमध्ये बहुतेक वेळा दोन पर्याय असतात: पैसे परत किंवा दुसरं विमान. घाईत रिफंड घेतलात की कंपनीची जबाबदारी सहसा तिथेच संपते. मग जेवण, हॉटेल आणि ऐन वेळचं महागडं तिकीट, सगळं तुमच्याच खिशातून.

समजा, रात्री ९ चं विमान रद्द झालं आणि पुढचं सकाळी ७ ला आहे. रांगेत उभे राहाच, पण उभ्या उभ्या अॅपवर जागा शोधा, कॉल सेंटरलाही फोन लावा. काउंटरवर "काहीतरी बघा" म्हणू नका, नेमका फ्लाइट नंबर सांगून तीच जागा मागा. मग जेवणाचं कूपन आणि हॉटेल मागा. न मागता मिळेलच असं नाही.

युरोपियन युनियनच्या २६१/२००४ नियमानुसार हवामानामुळे विमान रद्द झालं तरी ही सोय द्यावीच लागते. सगळीकडे तसं नाही, म्हणून रद्द होण्याचं कारण लेखी घ्या. कंपनीने हात वर केले तर साधंच हॉटेल घ्या आणि पावत्या जपून ठेवा, नंतर दावा करता येतो.

प्रवासालाच अर्थ उरला नसेल तर रिफंड जरूर घ्या, पण व्हाउचर नको, पैसे मूळ खात्यातच मागा. तिकीट एजंटकडून काढलं असेल तर पैसे बहुधा त्याच्यामार्फतच येतात, तेव्हा त्यालाही त्याच दिवशी कळवा.