बोअरचं पाणी, क्षार आणि सॉफ्टनर: आधी हिशोब करा

प्रश्न: आमच्याकडे बोअर आणि टँकरचं पाणी आहे, टीडीएस मीटरवर ८५० दाखवतो. शॉवर दर महिन्याला चोक होतो, गीझरची कॉईल दोन वर्षांत दोनदा गेली. मोठा सॉफ्टनर घेऊ, पाइपला लावायचं इलेक्ट्रॉनिक मशीन घेऊ, की नळाला लावतात तो छोटा फिल्टर पुरेल? घरात चौघं आहोत.

उत्तर:

मी एमआयडीसीत बॉयलरच्या पाण्याचं काम बघतो आणि राहायला वाघोलीला आहे, म्हणजे घरी पण बोअर-टँकरच, त्यामुळे हे सगळं घरी करून झालंय.

पहिलं म्हणजे टीडीएसचा आकडा बाजूला ठेवा. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून दाखवतो, साधं मीठ पण त्यात आलं, आणि मिठाचा थर बसत नाही. थर बसतो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा, त्याला हार्डनेस म्हणतात आणि तो वेगळा मोजावा लागतो. थेंबांचं टेस्ट किट मिळतं, पाण्याच्या सॅम्पलमध्ये रंगाचं औषध घातलं की ते लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे, निळं झालं की थांबायचं आणि थेंबांवरून आकडा काढायचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं धरलंय आणि दुसरा सोर्सच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. माझ्या घरी ५०० निघाला होता. टँकर बदलला की आकडा पण बदलतो म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा.

आता ५०० म्हणजे काय, तर एका लिटरमध्ये चुनखडीच्या हिशोबाने अर्धा ग्रॅम. चौघांचं घर दिवसाला साधारण ५०० लिटर वापरतं, म्हणजे रोज पाव किलो दगड तुमच्या पाइपातून वाहत जातो. त्यातला बहुतेक गटारात जातो, थोडाच मागे राहतो, आणि कुठे राहतो ते बघा: जिथे पाणी तापतं आणि जिथे पाणी सुकतं. तापवलं की बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनखडी कॉईलवर धरते, तो थर उष्णता नीट जाऊ देत नाही म्हणून आतली कॉईल स्वतःच तापत राहते आणि जळते. तुमच्या दोन कॉईल बहुधा अशाच गेल्यात. शॉवरच्या भोकांत पाणी सुकतं म्हणून तिथे पांढरे कण. गार पाण्याच्या पाइपात त्या मानाने कमी धरतं. म्हणून गार नळ जोरात येतो आणि गरम बारीक येत असेल तर पाइप फोडायला घेऊ नका, आधी गीझर आणि त्याच्या पुढची गरम लाइन बघा. दोन्ही बारीक असतील तर नळाच्या तोंडाची जाळी काढून बघा आणि मग मेन लाइन. जुनी जीआय लाइन आतून भरली असेल तर ती बदलावीच लागते, सॉफ्टनरने ती मोकळी होत नाही.

आता नळाचा छोटा फिल्टर. कुठल्याही मीठवाल्या सॉफ्टनरमध्ये रेझिन असतं, बारीक मण्यांसारखं, ते पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम हार्डनेस धरतं, मग भरतं. नळाच्या फिल्टरमध्ये समजा १०० मिली रेझिन आहे, तर ते ५ ग्रॅम धरणार, आणि आपल्या ५०० च्या पाण्यात ५ ग्रॅम येतो फक्त १० लिटरमध्ये. म्हणजे अर्धी बादली झाली की ते संपलं. काहींमध्ये तर रेझिन नसतंच, क्लोरीन काढणारं काहीतरी असतं, त्याने गाळ-वास जाईल, क्षार नाही.

इलेक्ट्रॉनिक किंवा चुंबकवालं मशीन पाण्यातून काहीच काढत नाही, विकणाऱ्यांचं म्हणणं असतं की क्षार आत राहतात पण चिकटत नाहीत. माझ्या मेहुण्यांनी लावलं होतं, मी किट घेऊन गेलो, आधी ५०० आणि नंतरही ५००, आणि वर्षाने गीझर उघडला तर कॉईलवर तसाच जाड थर. प्रयोगांत याचे निकाल एकसारखे येत नाहीत, मी तरी यात पैसे घालणार नाही. फॉस्फेटच्या गोळ्यांचं कार्ट्रिज त्यापेक्षा बरं, ते क्षाराला काही काळ बसू देत नाही आणि स्वस्त असतं, पण पाणी खूप तापलं की फॉस्फेट फुटून त्याचा असर जातो, म्हणजे नेमका गीझरमध्येच कमी पडतो.

राहिला सॉफ्टनर. २५ लिटर रेझिनचं मशीन १२५० ग्रॅम धरेल, रोज २५० म्हणजे पाच दिवस. पाच दिवसांनी मिठाच्या पाण्याने धुवून परत चार्ज करायचं, लिटरमागे १५० ग्रॅम धरलं तर एका वेळी पावणेचार किलो जाडं मीठ, महिन्याला साधारण २२ किलो, शिवाय प्रत्येक वेळी दीडशे-दोनशे लिटर पाणी वाया. टँकर विकत घेणाऱ्याला हे पाणी पण मोजावं लागतं. म्हणून मी पूर्ण घराला लावला नाही, फक्त बाथरूमची लाइन आणि वॉशिंग मशीन घेतलं, ते २५० लिटरच्या आसपास, म्हणजे चार्जिंग दहा दिवसांनी आणि मीठ अर्ध्यावर. बायपासचा कॉक थोडा उघडा ठेवून कच्चं पाणी मिसळतो आणि हार्डनेस १०० च्या आसपास ठेवतो, अगदी शून्य केलं की साबण अंगावरून निघाल्यासारखाच वाटत नाही.

किचनचा नळ आणि झाडांची लाइन मात्र सॉफ्टनरच्या आधीच काढा. ५०० चा हार्डनेस काढताना लिटरला सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम येतो, बीपीवाल्या माणसाला ते रोज पिणं-रांधणं चांगलं नाही आणि कुंड्यांची मातीही बिघडते. टीडीएस यात कमी होत नाही, ८५० चा ८५० च राहील, त्यामुळे मीटर लावून सॉफ्टनर बंद पडला असं समजू नका, तपासायचं ते थेंबांच्या किटनेच.

घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. पाण्यात लोह आहे का (नळाखाली तांबूस डाग पडतात का बघा), कारण लोह रेझिनवर बसून ते खराब करतं, मग आधी लोह काढायचा फिल्टर लागतो. आणि प्रेशर किती आहे, कारण दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार मिळतो, टाकी डोक्यावरच असलेल्या वरच्या मजल्याला प्रेशर पंप लागेलच.

सध्यासाठी गीझरचा थर्मोस्टॅट ६० वर आणा, ७५ ला थर फार जोरात धरतो. एमसीबी पाडून, पाणी काढून प्लंबरकडून कॉईल बाहेर घ्या, लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून त्यात तासभर बुडवा, फेस आला की चुनखडी सुटतेय. फेसच येत नसेल तर तो सल्फेटचा थर असू शकतो, तो या पाण्याने जाणार नाही. टॉयलेटचं अ‍ॅसिड कॉईलला आणि नळांना लावू नका, क्रोम खातं, आणि ब्लीचिंगबरोबर मिसळलं तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो. कॉईल परत बसवताना रबरी गास्केट नवीन घाला आणि आतली मॅग्नेशियमची दांडी झिजून तारेवर आली असेल तर तीही त्याच वेळी बदलून घ्या.