नमुना जाड, माल पातळ: ७०० पिशव्या परत कराव्यात का?

"वकीलसाहेब, मी लालबागला कापडी पिशव्या विकते. एका घाऊक विक्रेत्याच्या ऑनलाइन यादीत लिहिलं होतं: २४० जीएसएम कॅनव्हास, किमान ऑर्डर ५०० नग, ५०० ते ९९९ नगांना ₹७०, १,००० पासून ₹६२, नमुना ₹१५०, 'नमुना फक्त संदर्भासाठी, मालात १० टक्के फरक गृहीत'. नमुना पाहून १,००० मागवल्या, निम्मे पैसे आगाऊ दिले. माल पातळ आला. फोनवर लगेच बोलले, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं २६ दिवसांनी. तोवर ३०० विकल्या. ७०० परत देते म्हटलं, तर तो म्हणतो ३०० ना ₹७० चा दर लागेल. शिवाय बाकी ₹३१,००० व्याजासकट मागतो. परत करू की ग्राहक आयोगात जाऊ?"

ताई, ग्राहक आयोग विसरा. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला तिथं दार बंद आहे.

परत करण्याची वाटही तुम्हीच बुजवलीत. मालविक्री कायदा १९३० चं कलम ४२ सांगतं की, तपासायची संधी मिळाल्यावर खरेदीदारानं मालकासारखा माल वापरला किंवा वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. तुम्ही ३०० विकल्या. फोनवर बोललात, पण त्याचा पुरावा काय? हा एकाच दरानं ठरलेला अखंड सौदा आहे आणि त्यातला काही भाग स्वीकारल्यावर, करारात वेगळी सोय नसेल तर, उरलेला नाकारता येत नाही. ७०० उचलून पाठवल्या तर उलट त्याच्याच दराच्या भांडणात सापडाल. सगळ्या १,००० ठेवा, म्हणजे ₹७० चा मुद्दाच उरत नाही.

आता निकाल ज्यावर लागेल ते. सगळे 'नमुन्यासारखा माल नाही' म्हणून भांडतात आणि विक्रेता 'नमुना फक्त संदर्भासाठी' ही ओळ पुढं करतो. ती ओळ त्याला कदाचित तारेलही, कारण नमुन्यानुसार विक्री ठरायला करारात तशी अट लागते. पण यादीत '२४० जीएसएम', म्हणजे चौरस मीटरला २४० ग्रॅम, हे वर्णनही आहे आणि वर्णनाशी माल जुळलाच पाहिजे, हे कलम १५ सांगतं. यादी हा कायद्यानं प्रस्ताव नसून निमंत्रण असतं, म्हणून तुमच्या ऑर्डरमध्ये किंवा त्याच्या बिलात '२४० जीएसएम' आलंय का ते आधी शोधा. नसेल, तर ज्या मेसेजमध्ये यादीची लिंक टाकून तुम्ही ऑर्डर दिली तो काढा. यादीचा तारखेसह स्क्रीनशॉट आजच घ्या, उद्या ती बदललेली असेल.

पातळ म्हणजे किती, हे मोजा. कापडाचा १० बाय १० सेंटिमीटरचा नेमका चौकोन कापा, सराफी काट्यावर तोला आणि ग्रॅमला १०० नं गुणा. २.४ ग्रॅम भरलं तर २४० जीएसएम, १.८ भरलं तर १८०. शिवण आणि बंदाचा भाग घेऊ नका. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या पाच-सहा पिशव्या तपासा. १० टक्के सूट धरली तरी २१६ च्या खाली त्याला जाता येत नाही. वाद पुढं जाणार असं दिसलं तर घाटकोपरच्या बीटीआरएसारख्या प्रयोगशाळेचा अहवाल घ्या आणि वीस पिशव्या सीलबंद ठेवा. बाकीच्या विका.

मग पैसे. माल स्वीकारला तरी कलम ५९ प्रमाणे किमतीतून नुकसान वळतं करता येतं. जीएसटी बाजूला ठेवू. समजा कापड १८० निघालं आणि त्याच मापाची १८० ची पिशवी इतरांकडे ₹४६ ला मिळते. हे भाव १,००० नगांच्या टप्प्याचेच मागवा. ५०० च्या टप्प्याचा चढा भाव धरलात तर फरक उगाच कमी दिसेल आणि नुकसान तुमचंच होईल. फरक ₹१६, म्हणजे ₹१६,००० रोखा आणि उरलेले ₹१५,००० या आठवड्यात बँकेतून भरा. सोबत हिशेब लेखी द्या आणि ₹१६,००० ची क्रेडिट नोट मागा.

₹१५,००० लगेच का, ते ऐका. तो उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याखाली थकलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. लेखी हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांत घेतली असती, तर पैसे देण्याची मुदत ती हरकत दूर झाल्यावरच धावली असती. तुम्ही २६ दिवस लावलेत. तो नुसता व्यापारी असेल तर हे व्याज बहुधा लागू होत नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र मागून पाहा.

तो दावा लावेल का? लावेलही, पण ₹१६,००० साठी मुंबईत दिवाणी दाव्याच्या तारखा मोजणं त्यालाही परवडणारं नाही. दावा आलाच, तर चॅट सिद्ध करायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल. तेव्हा फोन बदलू नका, चॅट पुसू नका आणि यापुढं त्याचा फोन आला की लगेच मेसेजवर लिहा, 'आत्ता बोलल्याप्रमाणे'.