मधूनच सुरुवात म्हणजे लपवाछपवी नव्हे

प्रश्न: इन मीडियास रेस म्हणजे नेमकं काय? मी कादंबरी थेट भांडणापासून सुरू केलीय, पण वाचणारे म्हणतात, कोण कुणाचं काय ते कळत नाही.

उत्तर: मी प्राध्यापक नाही, सांगलीत दुकान चालवतो. पण याच खड्ड्यात पडलोय म्हणून लिहितो. इन मीडियास रेस म्हणजे गोष्ट अगदी आरंभापासून न सांगता मधूनच, ऐन प्रसंगात सुरू करायची.

माझी कादंबरी २०१९ च्या पुरावर होती. माडीवर अडकलेले दोन भाऊ बोटीची वाट बघतात, एकमेकांशी बोलत नाहीत. सुरुवात झकास. पण गूढ वाटावं म्हणून मी सात पानं त्यांना नुसतं ‘तो’ आणि ‘दुसरा’ म्हणत राहिलो. आठव्या पानावर ‘त्याला आठवलं’ लिहून वाटणीचा सगळा इतिहास ओतला, बावीस पानं! बोट तोवर तिकडंच.

एका मासिकाकडं पाठवली. अकरा महिने ‘वाचन चालू आहे’ एवढंच फोनवर. शेवटी बाड परत आलं, आत साधी चिठ्ठीसुद्धा नाही. चूक कुठली हे दोन ओळीत सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी समजलो, तंत्रच वाईट. मग आज्ज्याच्या काळापासून पुन्हा लिहिली. वर्ष गेलं त्यात, आणि ती आणखी रटाळ झाली.

नंतर होमरचं ग्रीक महाकाव्य ‘ओडिसी’ सावकाश वाचलं. एकूण २४ सर्ग. नायक ओडिसिअस घर सोडून विसावं वर्ष चाललंय, कॅलिप्सो नावाच्या अप्सरेच्या बेटावर अडकून सात वर्षं झालीत. कथा तिथून सुरू होते. पण होमर लपवत काहीच नाही. नायक कुठं आहे, त्याला कुणी अडवलंय, कुठला देव चिडलाय, हे सगळं पहिल्याच सर्गात देवांच्या बोलण्यात येतं. मागं राहतो तो फक्त आधीचा प्रवास. आत्ता काय चाललंय ते वाचकाला स्वच्छ दिसतं.

तो प्रवास येतो नवव्या ते बाराव्या सर्गात, आणि तोही मागितल्यावर. फिएशियन लोकांच्या दरबारात गायक ट्रॉयच्या युद्धाची गाणी म्हणतो, अनोळखी पाहुणा म्हणून बसलेला ओडिसिअस रडतो. राजा विचारतो, तू कोण, कुठला, का रडतोस? म्हणजे नवव्या सर्गाच्या तोंडाशी प्रश्न कथेतल्याच माणसाला पडलेला असतो, वाचक तर कधीचा ताटकळलेला. माझ्या आठव्या पानावर कुणीच काही विचारलं नव्हतं.

(महाभारतात नैमिषारण्यात सौती कथा सांगतो, तेही हेच, असं काही जण म्हणतात. मला ती कथेभोवतीची चौकट वाटते, वेगळी गोष्ट. वाद घालायचा तर घाला.)

तुमच्या भांडणात पहिल्या पानावरच नावं, नातं आणि भांडण कशावरून, एवढं सांगून टाका. हे भांडण इथवर आलं कसं, ते राखून ठेवा. आणि हस्तलिखितात ‘आठवलं’ हा शब्द शोधा. माझ्यात चौदा वेळा निघाला.

आता माझ्याकडं बोटवाला विचारतो, ‘कागदपत्रं घेतली का?’ धाकटा पोटाशी धरलेली पिशवी मागं सरकवतो. थोरला म्हणतो, ‘उघड.’ वाटणीची हकीकत तिथून येते, चार पानांत.