धुक्यातला भोंगा आणि पुढे उभा असलेला पोरगा

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितोय. एक तरुण खलाशी मालवाहू जहाजावर पहिल्यांदाच एकट्याने रात्रीचा पहारा देतो आणि धुकं पडतं. मी कधी जहाजावर गेलेलो नाही. त्याला नेमकं काय करावं लागेल आणि तणाव कुठून येईल?

उत्तर:

आधी ‘एकट्याने’ कुठे ते ठरवा. धुक्यात जहाज चालवताना ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीत, नवखा खलाशी एकटा कधीच नसतो. दृश्यमानता कमी झाली की कॅप्टनला वर बोलावतात, इंजिनरूमला तयार राहायला सांगतात आणि सुकाणूवर वेगळा माणूस उभा करतात. पण त्याच रात्री एक ओएस, म्हणजे सर्वात खालच्या दर्जाचा डेकवरचा खलाशी, जहाजाच्या अगदी टोकाला फोक्सलवर लुकआउट म्हणून, म्हणजे टेहळणीला, खरोखर एकटा उभा असू शकतो. तुमची गोष्ट तिथे घडवा.

जागा म्हणून पिवळा समुद्र घ्या, महिना एप्रिल. दक्षिणेकडून येणारी उबदार, दमट हवा तिथल्या थंड पाण्यावरून जाते आणि दाट धुकं दिवसेंदिवस हटत नाही. शिवाय तिथे मासेमारी नौका पुष्कळ. मुरगावहून लोहखनिज घेऊन चीनला निघालेलं, १९० मीटर लांबीचं, डेकवर क्रेन असलेलं बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल वाहणारं जहाज, अशा ठिकाणी अगदी शोभेल. पहारा १२ ते ४ चा ठेवा. तो सेकंड ऑफिसरचा असतो.

पोराला पुढे का पाठवतात, हे गोष्टीत आलंच पाहिजे. ब्रिज जहाजाच्या मागच्या टोकाला असतो. मधल्या क्रेन नजर अडवतात आणि नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, पुढचं काही अंतर पाणी ब्रिजवरून दिसतच नाही. नियमानुसार हे न दिसणारं पाणी जहाजाच्या दोन लांबी किंवा ५०० मीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त नसावं. आपल्या जहाजाला ही मर्यादा ३८० मीटर पडते. रडार असतंच, पण लाटांच्या खुणांच्या गर्दीत लाकडी होडीचा ठिपका हरवू शकतो. शिवाय मागे इंजिनाची घरघर असते. पुढे ती जवळजवळ ऐकू येत नाही. म्हणून पोराचं खरं काम कानाचं आहे.

डोळ्यांचा उपयोग किती, ते मोजून बघा. जहाज सहा नॉट्सने चाललंय, म्हणजे सेकंदाला साधारण तीन मीटर. धुक्यात १०० मीटर दिसत असेल, तर दिसलेली वस्तू अर्ध्या मिनिटात नाळेखाली येते. भरलेलं जहाज तेवढ्यात थांबत नाही. त्यामुळे ‘अचानक समोर दिवा दिसला आणि त्याने ओरडून जहाज वाचवलं’ असा प्रसंग लिहू नका, जाणत्या वाचकाला तो खोटा वाटेल.

आता ऐकण्याबद्दल. चालत्या यांत्रिक जहाजाला धुक्यात जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा द्यावा लागतो. लांब म्हणजे चार ते सहा सेकंद. मासेमारी करणारी नौका एक लांब आणि लगेच दोन छोटे देते, छोटा म्हणजे साधारण एक सेकंदाचा. मोठ्या जहाजाचा भोंगा खर्जात असतो, लहान नौकेचा चढ्या सुरात. पुढे माणूस असला की फोरमास्टवरचा, म्हणजे पुढच्या डोलकाठीवरचा, भोंगा बंद ठेवून मागचाच वाजवावा, नाहीतर पोराचे कान काही काळ निकामी होतात.

कान उघडे ठेवणं सोपं नसतं. थंडी असते, धुक्याचं पाणी मास्टवरून टपटप गळत असतं, साहजिकच पोरगा रेनकोटची टोपी डोक्यावर ओढतो. टोपीवर पडणारे थेंब कानाशीच ताशा वाजवतात आणि दूरचा आवाज त्यात बुडतो. अनुभवी सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, त्याला जागेवर सोडताना आधी टोपी मागे सारायला लावेल, मग वॉकी-टॉकी तपासायला. मोबाइल खिशातच. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा पडदा पाहिला की ती फुकट जातात.

तुमच्या गोष्टीचा गाभा मी इथे शोधेन. आपला भोंगा आपोआप दर १२० सेकंदांनी वाजतोय. डावीकडे पुढे एक मासेमारी नौका आहे, तिचा भोंगा दर ११० सेकंदांनी. एका फेरीत दोघांचे लांब भोंगे एकावर एक पडतात. तिचा लांब भोंगा आपल्या आवाजात गडप होतो आणि पोराला ऐकू येतात फक्त शेवटचे दोन छोटे, बारीक सुरातले.

वर्गात त्याने पाठ केलेलं असतं: दोन छोटे भोंगे म्हणजे ‘मी डावीकडे वळतोय’. पण तो संकेत जहाजं एकमेकांना दिसत असतील तेव्हाचा, धुक्यात तो लागूच नाही. पोरगा गोंधळतो. आपल्याच भोंग्याचा प्रतिध्वनी असेल का? पण प्रतिध्वनी आपल्याच खर्जात आला असता. सेकंडसाबना उगाच त्रास नको, पुढच्या वेळी नीट ऐकून मग सांगू, असं त्याला वाटतं. पहिल्या रात्री प्रत्येकाची चूक होते ती इथेच. पुढचा भोंगा येईपर्यंत दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात जहाज ३७० मीटर पुढे सरकतं.

दुसरी चूक उलट बाजूची: ऐकलेलं न सांगता काढलेला अर्थ सांगणं. ‘एक जहाज डावीकडे वळतंय’ असं तो म्हणाला, तर ब्रिजवर चुकीचं चित्र उभं राहतं. त्याने एवढंच म्हणायचं:

“ब्रिज, फॉरवर्ड. टू शॉर्ट ब्लास्ट्स, पोर्ट बो. आवाज बारीक आहे साब. आपल्या भोंग्यात आधीचं काही दबलं असेल तर कळलं नाही.”

‘पोर्ट बो’ म्हणजे डावीकडे पुढे. शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. त्यावरून सेकंड ऑफिसरला लगेच मासेमारी नौकेचा संशय येईल. आवाज ज्या बाजूने आला तिकडे पोराने हात लांब करून धरावा आणि हाताच्या रेषेत रेलिंगचा कुठला खांब येतो ते लक्षात ठेवावं. पुढचा आवाज आला की त्याच खांबाशी ताडून बघायचं. धुक्यात दिशा फसवी असते, म्हणून एकदा ऐकलेल्या दिशेवर कोणी जहाज वळवत नाही. जहाजाच्या मधून डावी-उजवीकडे जाणाऱ्या आडव्या रेषेच्या पुढून भोंगा ऐकू आला आणि टक्कर टळेल याची खात्री नसली, तर नियम वेग कमीत कमी करायला सांगतो, गरज पडल्यास जहाज पूर्ण थांबवायला. कॅप्टन इंजिन बंद करतो. लेखक इथे हमखास घसरतात: इंजिन बंद झालं म्हणून लगेच थांबलेल्या जहाजाचे दोन लांब भोंगे सुरू होत नाहीत. ते पाण्यातली गती पूर्ण संपल्यावरच, आणि भरलेल्या जहाजाला त्यासाठी बराच वेळ लागतो. तोवर एकच लांब.

पुढच्या फेरीला दहा सेकंदांच्या फरकामुळे तिचा भोंगा आपल्या आधी, पूर्ण ऐकू येतो: एक लांब, दोन छोटे. आता खांबाचं महत्त्व. आवाज वाढतोय आणि खांब तोच, तर धोका. आवाज वाढतोय पण खांब मागे सरकतोय, तर ती बाजूने निघून जाईल. दोन मिनिटांच्या त्या शांततेत पोराला करण्यासारखं काहीच नसतं, तिथे थांबा आणि लिहा.

ती नौका त्याला दिसू देऊ नका. आधी डिझेलचा धूर नाकाला जाणवेल, मग धुक्यात डावीकडे एक पिवळट डाग, तोही कदाचित. पुढचे भोंगे खांबाखांबाने मागे जातील: नाळेच्या बाजूला, मग आडवे, मग क्रेनच्या पलीकडे. तो प्रत्येक वेळी कळवत राहील आणि वरून दरवेळी फक्त “ओके, फॉरवर्ड” येईल. लॉगबुकात वेळ, ऐकलेला भोंगा आणि इंजिन बंद केल्याची एक ओळ पडेल. तो अजून पुढेच असेल, पुढचा माणूस बदलीला येईपर्यंत, टोपी मागे सारून.