शिल्लक रजा सहकाऱ्याला देता येते का?

"ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात एकाच्या बायकोचं डायलिसिस सुरू आहे, त्याच्या रजा संपल्यात. आमच्या रजा त्याला देता येतील?"

कंपनी तयार असेल तर हो. आधी त्याला एकट्याला गाठून विचारा. घरचं दुखणं त्याच्या होकाराशिवाय मेलमध्ये जाऊ नये.

एचआरकडे प्रस्ताव फक्त अर्जित रजेचा ठेवा. तिचे पैसे कंपनीला पुढेमागे द्यायचेच असतात, त्यामुळे नवा बोजा पडत नाही. बुडणाऱ्या किरकोळ रजा मागितल्यात तर अकाउंट्सवाले अडतील. हिशोब रुपयांत मागा: रोज ३००० रुपये पगार असणाऱ्याने एक दिवस दिला, तर १५०० वाल्याला दोन मिळतात. डायलिसिस साधारण आठवड्यातून तीनदा असतं, म्हणून अर्ध्या दिवसाची सोयही लिहून घ्या. देणाऱ्यांची नावं एचआरपुरतीच राहू द्या, नाहीतर न देणाऱ्यांवर दबाव येतो.