लोगोतलं ‘म्हापसा’ काढून ‘मडगाव’ बसवताना

प्रश्न: “आमच्या काजूच्या दुकानाच्या लोगोत नावाखाली ‘म्हापसा’ असं आहे, दोन्ही बाजूंना आडव्या रेघा. आता मडगावला दुसरं दुकान उघडतोय. फॉन्ट सापडला, त्यातच ‘मडगाव’ टाइप करून बसवलं, तरी शब्द वरून चिकटवल्यासारखा दिसतो. काय चुकतंय? फाइल जोडली आहे.”

नमस्कार. तुमची फाइल इंकस्केपमध्ये उघडून मापं घेतली. फॉन्ट तुम्ही अचूक ओळखलाय, त्यामुळे तिकडे आता बघू नका. सगळ्यात जास्त खटकतंय ते हे की नवा शब्द जुन्यापेक्षा दीड मिलिमीटर खाली बसलाय. तो तसा का बसला हे कळलं की पुढचं बरंच सोपं होईल.

तुम्ही दोन्ही शब्द निवडून खालच्या कडेने जुळवले असणार. सॉफ्टवेअर त्या वेळी शब्दाचा सगळ्यात खालचा बिंदू धरतं. ‘म्हापसा’मध्ये ह आहे आणि या फॉन्टात ह ची शेपटी कान्याच्या पायथ्याखाली १.९ मिमी उतरते. ‘मडगाव’मध्ये खाली उतरणारा एकटा ड, तोही जेमतेम ०.४ मिमी. शेपटीला ड चं पोट जुळवलं, म्हणून आख्खा शब्द १.५ मिमी खाली ओढला गेला. लोगो फाइलमध्ये १२० मिमी रुंद आहे. दुकानावर बारा फुटी बोर्ड लागला तर हाच फरक साडेचार सेंटिमीटर होईल आणि समोरच्या फुटपाथवरूनही दिसेल.

रोमन अक्षरं बेसलाइनवर उभी असतात, आपली अक्षरं शिरोरेखेला टांगलेली असतात. वाचणाऱ्याची नजरही शिरोरेखा धरूनच जाते. म्हणून देवनागरीत शब्द बदलताना मी दोन गाइड लावतो: एक शिरोरेखेच्या वरच्या कडेला, दुसरी कान्याच्या पायथ्याला. ‘म्हापसा’तल्या शेवटच्या कान्यावरून दोन्ही मिळतात. नवा शब्द आधी वरच्या गाइडला लावायचा, मग ‘गा’चा काना खालच्या गाइडला टेकतो का ते बघायचं. ह, ड, उकार, वेलांटी यांच्यावरून माप कधीच घ्यायचं नाही. जुना शब्द पुसू नका. वेगळ्या लेयरवर लाल रंगात, अर्धपारदर्शक करून खाली ठेवा आणि शेवटपर्यंत त्याच्यावर नवा शब्द ताडून बघा.

आता आकार. जुन्या शब्दाची उंची शिरोरेखेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या पायथ्यापर्यंत १५ मिमी आहे. तुमचा शब्दही १५ मिमीच आहे, मग अक्षरं जाड का वाटतात? शिरोरेखा दोन्हींकडे १.६ मिमी आहे. काना मात्र जुन्यात १.८४ आणि तुमच्याकडे २ मिमी भरतो. आडवी रेघ तशीच राहून फक्त उभी बारीक झाली, याचा अर्थ मूळ डिझायनरने शब्द आडवा दाबलाय, ९२ टक्क्यांवर. फॉन्टचं वजनच वेगळं असतं तर शिरोरेखेची जाडीही बदलली असती. आपल्याकडे डीटीपीत अक्षरं अशी दाबून जागेत बसवण्याची सवय जुनी आहे. मला ती आवडत नाही, पण इथे तीच पाळावी लागेल. तुमच्या शब्दाची रुंदी ९२ टक्के करा आणि उंचीला हात लावू नका. इंकस्केपच्या वरच्या पट्टीत रुंदी-उंचीमधलं कुलूप उघडं ठेवलं की हे जमतं.

यानंतर अक्षरांमधली जागा. देवनागरीत लय उभ्या दांड्यांवर चालते, आणि इथे तुमचं नशीब चांगलं आहे. ‘म्हापसा’त चार दांडे आहेत: ह नंतरचा काना, प चा, स चा आणि शेवटचा काना. ‘मडगाव’तही चारच: म चा, ग चा, काना आणि व चा. त्यातही ‘सा’मध्ये स चा दांडा आणि काना शेजारी शेजारी उभे आहेत, अगदी तसेच ‘गा’मध्ये ग चा दांडा आणि काना. म्हणजे ‘सा’तली पांढरी फट हे ‘गा’साठी तयार माप झालं. फाइलमध्ये ती २.६ मिमी आहे. तुमच्या शब्दात, ९२ टक्क्यांवर दाबल्यानंतरही, ‘गा’ची फट २.९ येते. मूळ डिझायनरने अक्षरं थोडी जवळ ओढली होती, हे त्यावरून कळतं. तेव्हा सगळ्या शब्दाची अक्षरफट सारखीच ०.३ मिमीने कमी करा. लेटर स्पेसिंगच्या खान्यात तेवढा उणे आकडा टाका. त्याने ‘गा’ची फट बदलली नाही तर पुढे Object to Path केल्यावर, Union आधी, काना आणि व एकत्र डावीकडे सरकवून ती २.६ करा.

उलट दिशेने, म्हणजे फट वाढवण्यासाठी, हा खाना देवनागरीत वापरू नका. शिरोरेखा प्रत्येक अक्षरासोबत तुकड्यातुकड्याने येते. अक्षरं लांब नेली की तुकड्यांमध्ये केसाएवढी चीर पडते. स्क्रीनवर ती दिसत नाही, छापल्यावर दिसते. जवळ आणताना तुकडे एकमेकांवर चढतात, तेवढं चालतं.

सरसकट कमी केल्यावरही एक जागा ढिली राहील: म आणि ड यांच्यामध्ये. ड ला पूर्ण उंचीचा दांडा नाही. शिरोरेखेपासून छोटी मान खाली येते आणि मग वळण सुरू होतं. मानेच्या दोन्ही बाजूंना, शिरोरेखेच्या लगेच खाली, पांढरी पोकळी राहते. म चा दांडा सरळ उभा असल्यामुळे ती पोकळी डोळ्यांना मोठी वाटते. इथे पट्टीने दोन बिंदूंमधलं अंतर मोजू नका, कारण बघायचं आहे ते पांढऱ्या जागेचं क्षेत्र. मी करून पाहिलं तेव्हा ड आणखी ०.४ मिमी डावीकडे आणि ‘गाव’ ड च्या दिशेने ०.२ मिमी सरकवल्यावर शब्द एकसंध वाटला. इंकस्केपमध्ये अक्षरांच्या मध्ये कर्सर ठेवून Alt धरून डावा बाण दाबला की एवढं बारीक सरकवता येतं. ग आणि व मधल्या कान्याला मात्र हात लावू नका, ते माप मूळ शब्दातून आलेलं आहे.

मग फाइल उलटी करा, १८० अंशांत. शब्द वाचता येईनासा झाला की मेंदू अक्षरं सोडून फटी बघायला लागतो. शिरोरेखा जमिनीसारखी खाली येते, तिच्यावर दांडे कुंपणासारखे उभे राहतात, आणि कुठे दोन खांब दूर गेलेत ते लगेच कळतं. माझी कर्निंगची निम्मी दुरुस्ती अशी उलट्या शब्दावरच होते.

समाधान झालं की शब्दाची एक प्रत जपून ठेवा आणि दुसरीवर Object to Path करा. ग्रुप निघाला तर तो सोडवून Union करा. Union विसरलात तर फ्लेक्सवर काही बिघडणार नाही, पण विनाइल कापणारा प्लॉटर किंवा ॲक्रिलिक कापणारी मशीन प्रत्येक बाह्यरेषा वेगळी कापते. जिथे शिरोरेखेचे तुकडे एकमेकांवर चढलेत तिथे ती आरपार चिरते आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. Union नंतर झूम करून शिरोरेखेची वरची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. मध्ये जास्तीचे नोड किंवा छोटी पायरी दिसली तर काढून टाका.

शिरोरेखेची टोकंही बघा. फॉन्टात ती सरळ कापलेली आहेत. तुमच्या जुन्या लोगोत दोन्ही टोकं बोरूने ओढल्यासारखी तिरकी कापलीत, ते डिझायनरने हाताने केलेलं काम आहे. तुमच्या शब्दाकडे बघताना मला हे सगळ्यात शेवटी दिसलं आणि तेही बरंच परकं वाटलं. नव्याने तिरपा काप काढत बसू नका. जुन्या शब्दाच्या शिरोरेखेचं डावं आणि उजवं टोक कापून आणा आणि नव्याला जोडा. जाडी दोन्हींकडे १.६ मिमी आहे, त्यामुळे सांधा दिसणार नाही.

राहिल्या बाजूच्या रेघा. ‘म्हापसा’ ५० मिमी रुंद, दोन्हींकडे ४ मिमी मोकळी जागा आणि ३१ मिमीची एकेक रेघ, मिळून १२०. ‘मडगाव’ ४६ मिमी भरला. शब्द ताणून ५० करण्याचा मोह होईल, तो टाळा, नाहीतर वर मिळवलेली दांड्यांची जाडी पुन्हा बिघडेल. मोकळी जागा ४ मिमीच ठेवा आणि रेघा ३३ मिमी करा. रेघ वाढली हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण शब्दाभोवतीची हवा कमीजास्त झाली की लगेच येतं. हे ४ मिमी शिरोरेखेच्या टोकापासून मोजायचे, म किंवा व च्या पोटापासून नाही. रेघांची उंची आहे तिथेच राहू द्या.

फाइल पक्की करण्याआधी घरात एक गोष्ट ठरवा. मराठीत आपण ‘मडगाव’ लिहितो, कोकणीत ‘मडगांव’ लिहितात. मडगावच्या गिऱ्हाइकांसाठी तुम्हाला अनुस्वार हवा असेल तर तो आत्ताच घ्या. तुमच्या लोगोत वरचं नाव आणि ही शिरोरेखा यांच्यात फक्त ५ मिमी जागा आहे आणि या फॉन्टात टिंब त्यातली जवळजवळ ३ मिमी खातं. वरच्या नावात नेमक्या त्या जागी उकार किंवा ह ची शेपटी खाली आली असेल तर दोन्ही भिडतील. तसं झालं तर टिंब लहान करू नका. शब्द आणि रेघा एकत्र खाली घ्या, आणि म्हापशाच्या लोगोतही तेवढंच अंतर करा, म्हणजे दोन्ही दुकानांचे लोगो सारखे राहतील. उद्या फोंड्याला शाखा काढलीत तर ओकार आणि अनुस्वार दोन्ही वर येतील, तेव्हाही हीच जागा लागणार आहे.

लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेला असेल तर ती नोंदणी ‘म्हापसा’ असलेल्या रूपाची आहे. नोंदवलेल्या चिन्हात बदल करण्याची तरतूद १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे. बोर्ड करायला देण्याआधी तुमच्या वकिलांना एकदा विचारून घ्या.

आणि प्रिंट दोन मापांत काढा: काजूच्या डब्यावरच्या लेबलएवढी, म्हणजे ३० मिमी रुंद, आणि बोर्डच्या खऱ्या मापातली, फक्त ‘मडगाव’ आणि त्याच्या दोन्ही बाजूंची वीतभर रेघ. दुसरी भिंतीला लावा आणि रस्त्याच्या रुंदीएवढ्या अंतरावरून बघा. लेबलात ड ची पोकळी बुजलेली दिसली तर ०.४ ऐवजी ०.३ मिमी सरकवा. बोर्डच्या मापात म आणि ड अजून दूर वाटले तर ०.५ करा. दोन्हींसाठी एकच फाइल ठेवायची असेल तर बोर्डचं माप धरा, कारण तिथली चूक रोज दिसेल.